वाऱ्यानं सरकलेली डिश मीटरवर परत जागेवर कशी आणायची

साताऱ्याहून ठोसेघरला चढलं की पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जून-जुलैत पश्चिमेचा वारा त्या पठारावर दिवसरात्र वाहतो, आणि त्या भागातल्या वाड्यावस्त्यांमधून मला दरवर्षी एकच तक्रार येते : "दादा, ऊन असलं की चॅनेलं लागत्यात, भुरभुर सुरू झाली की सगळं गायब. बॉक्स गेलाय वाटतं."

बॉक्स बहुतेक वेळा ठीक असतो. डिश एखाद-दोन अंश सरकलेली असते. निरभ्र आकाशात ती तेवढ्या चुकीवरही चालते, कारण सिग्नलला थोडी शिल्लक असते. पावसाचे थेंब ही शिल्लक खाऊन टाकतात आणि चित्राचे चौकोन पडायला लागतात. त्यामुळे "उन्हात चालतं, पावसात जातं" ही तक्रार ऐकली की माझं पहिलं बोट डिशच्या दिशेकडेच जातं.

खाली सांगितलंय ते 60 सेंटीमीटरच्या डिशबद्दल आणि डीडी फ्री डिशबद्दल आहे. ही सेवा जीसॅट-15 या उपग्रहावरून येते आणि तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. तुमची सेवा दुसऱ्या उपग्रहावरून येत असेल तर दिशेचे आकडे बदलतील, रीत हीच राहील.

एक अंश म्हणजे किती

60 सेंटीमीटरच्या डिशची नजर साधारण 3 अंश रुंद असते. म्हणजे उपग्रहापासून दीड अंश बाजूला गेलं की निम्मी ताकद गेली, मीटरच्या भाषेत 3 डीबी. अर्धा अंश चुकलं तर मात्र जेमतेम 0.3 डीबीचा फरक पडतो, आणि मीटरवरचा आकडा तर एरवीही तेवढा खालीवर नाचत असतो.

सगळी गोम इथेच आहे. शिखर सपाट असतं. आकडा सर्वात मोठा दिसला तिथे पाना आवळला तर तुम्ही शिखराच्या मध्यावर आहात की एका कडेला, हे कळायला मार्ग नसतो. कडेला असाल तर पुढच्या वाऱ्यात एकच अंश सरकलं तरी खेळ खलास. म्हणून मी सर्वात मोठा आकडा शोधत बसत नाही. डावीकडे सिग्नल कुठे पडतो आणि उजवीकडे कुठे पडतो त्या दोन कडा शोधतो आणि बरोबर मधोमध डिश आणतो. कडेला आकडा झपाट्यानं उतरतो, त्यामुळे ती जागा नेमकी सापडते.

वर चढण्याआधी

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, त्यावर दोन पट्ट्या दिसतात : स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती ताकद येतेय ती. त्यात शेजारच्या उपग्रहांचा सिग्नल आणि नुसता गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्यातून आपला सिग्नल किती स्वच्छ वाचता येतोय ते. स्ट्रेंग्थ पूर्ण शून्य असेल तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, बघा. डिश फिरवून काही होणार नाही. स्ट्रेंग्थ पूर्वीसारखीच आणि क्वालिटी खाली, असं असेल तर दिशा सरकली असण्याची शक्यता मोठी.

वर गेल्यावर पाना काढण्याआधी एक सोपी चाचणी करा. खाली टीव्हीसमोर एकाला बसवा, फोन चालू ठेवा. वर तुम्ही डिशची कड हातानं पाच मिलिमीटरभर डावीकडे दाबा, मग उजवीकडे, मग वरची कड मागे, मग पुढे. प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सची पट्टी उशिरा हलते. एखाद्या बाजूला दाबल्यावर क्वालिटी वाढली तर डिशला तिकडेच जायचंय. चारही बाजूंना सारखीच कमी झाली तर दिशा बरोबर आहे. मग कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का ते बघा. केबलच्या टोकाची तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा एफ कनेक्टर बसवा. कनेक्टर काढताना-लावताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात, आणि जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली तर बॉक्सच बसतो.

आणखी एक बघून घ्या : झाड. आपल्याकडे हा उपग्रह जवळजवळ 60 अंश उंचीवर आहे, म्हणून लांबची झाडं आड येत नाहीत. पण डिशपेक्षा दहा मीटर उंच असलेलं झाड समोर सहा मीटरच्या आत असेल तर ते नक्की आड येतं. गेल्या वर्षी नव्हती ती फांदी यंदा असते.

ओली शेवाळलेली गच्ची, जवळून गेलेली विजेची तार आणि कडाडणारं आभाळ, यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी वर जाऊ नका. एका बाजूला कठडा नसेल तर कमरेला दोर हवाच.

आधी नळी, मग डिश

आता पठाराजवळच्या एका घरचं काम सांगतो, म्हणजे आकडे हातात येतील. गच्चीवर स्टँड, त्यावर दीड इंची नळी, 60 सेंटीमीटरची डिश. निरभ्र आकाशात माझ्या डिजिटल मीटरवर 8.1 डीबी दिसत होते. हा सिग्नल आणि गोंगाट यांच्यातला फरक. त्या गच्चीवर तो 13 च्या आसपास असायला हवा. सहा-सातच्या खाली गेला की चित्र तुटतं. म्हणजे पावसासाठी शिल्लक जेमतेम एक-दोन डीबी.

दाबून बघितलं. वरची कड मागे दाबली, म्हणजे डिश वर बघायला लागली, तर आकडा 10 च्या पुढे गेला. दक्षिणेकडे वळेल अशी दाबली तर साडेनऊच्या आसपास. म्हणजे डिश खाली झुकलेली होती आणि पूर्वेकडेही वळलेली होती. वारा पश्चिमेकडून येत असेल आणि डिशचं तोंड आग्नेयेला असेल, तर वारा तिच्या पाठीवर तिरका बसतो. त्या भागात मला बहुतेक डिशा अशाच पूर्वेकडे कललेल्या सापडतात. जोर किती असतो तेही सांगतो : ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्यात या आकाराच्या डिशवर दहा-बारा किलोंचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून एका रात्रीच्या वावटळीत महिनाभराची झीज होऊन जाते.

इथे घाई करणारा माणूस लगेच डिशचे नट सैल करतो. मी ओळंबा काढला. नळी एक मीटर उंच, आणि वरचं टोक साडेतीन सेंटीमीटर पूर्वेला. म्हणजे 2 अंश कललेली. स्टँडच्या पायाचा एक अँकर बोल्ट सैल झाला होता आणि त्याच्याखालचं काँक्रीट भुसभुशीत झालं होतं. नळी तिरकी असेल तर डिश फिरवताना दिशा आणि उंची दोन्ही एकदम बदलतात, मग माणूस तासभर गोल गोल फिरत राहतो. म्हणून नळी उभी असल्याशिवाय डिशचे नट सैल करूच नका. ओळंबा एकदा एका बाजूनं आणि एकदा काटकोनातल्या दुसऱ्या बाजूनं लावा. एकाच बाजूनं बघून फसगत होते.

जुनं भोक सोडून दोन इंच बाजूला नवं भोक पाडलं, जाड अँकर ठोकला, पायाखाली वॉशर सरकवून नळी उभी केली. अजून डिशला हातही लावला नव्हता, तरी मीटर 10.5 वर गेला. निम्मं दुखणं स्टँडचंच होतं.

डिश वाकली आहे का तेही याच वेळी बघतो. कडेवर दोन दोरे एकमेकांना काटकोनात छेदतील असे ताणून बांधायचे. अशा डिशची कड एका सपाटीत असते, त्यामुळे दोरे मधे जेमतेम टेकले पाहिजेत. मधे फट राहिली किंवा एकानं दुसऱ्याला ढकललं तर डिश पिळवटली आहे. दोऱ्यांची जागा अदलाबदल करून परत बघा, कारण वरचा दोरा खालच्याला दाबत असला तर एका बाजूनं ते कळत नाही. पिळवटलेली डिश मी सरळ करत बसत नाही, बदलतो. एलएनबीचा दांडा वाकला असेल तरी तेच.

कोणता मीटर

बाजारात मिळणारा काट्याचा स्वस्त मीटर एकूण ताकद मोजतो. कोणाचा सिग्नल, हे त्याला कळत नाही. 93.5 च्या एका बाजूला 91.5 वर आणि दुसऱ्या बाजूला 95 वर दुसरे उपग्रह आहेत. 60 सेंटीमीटरच्या डिशच्या नजरेत तेही डोकावतात, आणि काटा तिघांची बेरीज दाखवत बसतो. त्या घरी आधी कोणीतरी काट्यावरच डिश लावून गेलं होतं. काट्याचा मीटर वाईट नाही. डिश पार भरकटली असेल तर जवळपास आणायला तो बरा. शेवटचा अंश मात्र त्याच्यावर सोडू नका. तो डिश आणि बॉक्सच्या मधे जोडतात आणि वीज बॉक्सकडूनच घेतात, तेव्हा कोणतं टोक एलएनबीकडे आणि कोणतं बॉक्सकडे हे वाचूनच लावा. गोल बटण फिरवून काटा मधे आणा. टोकाला जाऊन अडकला तर काहीच मोजत नाही.

डिजिटल मीटर आपलाच सिग्नल ओळखून त्याची स्वच्छता आकड्यात सांगतो. तो नसेल तर बॉक्सची क्वालिटी पट्टी आणि खाली बसलेला माणूस पुरतो, फक्त वेळ जास्त लागतो. मीटरमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी घालायची असा प्रश्न पडला तर तुमच्या बॉक्सच्या यादीत जी आधीपासून लागत होती तीच घ्या, आणि काम संपेपर्यंत बदलू नका.

डिश अगदीच फिरून गेली असेल तर सुरुवातीची दिशा अशी : साताऱ्यात उत्तरेपासून सुमारे 131 अंश, सांगलीत 130. म्हणजे आग्नेयेपेक्षा किंचित पूर्वेकडे. उंची साताऱ्यात साधारण 59.5, सांगलीत 60.5 अंश. फोनचं होकायंत्र लोखंडी स्टँडजवळ खोटं बोलतं, दोन-तीन मीटर लांब उभं राहून बघा. आणि डिश डोळ्यांना 60 अंश वर बघताना दिसणार नाही. ही डिश ऑफसेट असते, एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिचं तोंड खऱ्या नजरेपेक्षा पंचवीसेक अंश खाली दिसतं. नवखे लोक इथेच डिश जास्त वर करून ठेवतात. मागच्या पट्टीवरच्या खुणांवर विश्वास ठेवा, पण नळी उभी असेल तरच.

कडा शोधणं

आता मुख्य काम. नळीवरच्या पकडीचे नट इतकेच सैल करा की डिश जोर लावल्यावर फिरेल आणि सोडल्यावर जागीच राहील. पार ढिले केले तर हात सोडताच ती परत सरकते.

अडचण अशी की नळीवर एक अंश म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. एवढ्याशा फरकाची खूण करणं अवघड. म्हणून मी एक काटकी वापरतो. त्या घरी कडब्यातलं ज्वारीचं सरळ ताट घेतलं, डिशच्या मागच्या पट्टीला सुतळीनं आडवं बांधलं, असं की त्याचं टोक नळीपासून बरोबर एक मीटर मागे आलं. टोकाला दोऱ्यानं नट लोंबकळत सोडला आणि तो जिथे टेकतो तिथे गच्चीवर खडूनं खूण केली. आता डिश एक अंश फिरली की खाली पावणेदोन सेंटीमीटर सरकतं. ताट हलकं असतं, डिशला ओढत नाही. वाऱ्यात लोंबता नट हेलकावे खातो, तेव्हा सकाळी लवकर जा.

डिश हळूहळू पूर्वेकडे नेली. आकडा 10 वर उतरला तिथे खडूची एक रेघ. मग दक्षिणेकडे नेली. आकडा चढला, सपाट झाला, परत 10 वर आला. तिथे दुसरी रेघ. दोन्ही रेघांत साडेदहा सेंटीमीटर अंतर निघालं. मधोमध, सव्वापाचवर, नट आणला : 12.9. सुरुवातीची खूण या मध्यापासून पाच सेंटीमीटर लांब होती, म्हणजे नळीवर डिश साधारण 3 अंश सरकली होती. नळीच्या अंगावर मोजलं तर ते सव्वा मिलिमीटर भरतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नळीवर 3 अंश फिरूनही डिशची नजर आकाशात दीड अंशच हलली. आपण खूप वर बघतोय म्हणून असं होतं. डोक्यावरच्या पंख्याकडे बघत जागेवर गिरकी घेतली तर पंखा नजरेतून फारसा सुटत नाही, तसंच. म्हणून आडव्या दिशेला कडा लांब लांब सापडतात आणि उभ्या दिशेला जवळ जवळ. उंचीच्या नटाला जास्त नाजूक हात लागतो.

कडा शोधताना दोन्हीकडे एकच आकडा धरा, मी 10 धरला तसा. एका बाजूला 10 आणि दुसरीकडे चित्र तुटेपर्यंत, असं केलं तर मध्य चुकतो. बॉक्सच्या पट्टीवर काम करत असाल तर क्वालिटी अमुक टक्क्यांवर आली की थांबायचं, असं आधीच ठरवून घ्या.

मग उंची. आडवी पकड हलकी आवळली, उंचीचे नट सैल केले, मागच्या खुणांच्या पट्टीवर मार्करनं रेघ मारून तीच रीत : वर नेऊन 10, खाली आणून 10, मधोमध. दोन्ही कडांत 3 अंश भरले. मध्यावर 13.1. उंची बदलल्यावर आडवी दिशा पुन्हा एकदा तपासली, पण या वेळी काही हललं नाही. नळी उभी असली की दुसऱ्या फेरीत सहसा काही करावं लागत नाही.

आवळताना सरकतं

दहातली सहा कामं इथे बिघडतात असं मी म्हणेन. एका बाजूचा नट पूर्ण आवळला की पकड त्या बाजूला ओढली जाते. त्या घरी मी पहिल्यांदा आवळलं तेव्हा आकडा 13.1 वरून 12.6 झाला. सगळे नट परत थोडे सोडले आणि आळीपाळीनं पाव-पाव फेरा दिला, डोळा मीटरवर ठेवून. शेवटी 13.0. नटाखाली स्प्रिंग वॉशर नसेल तर घाला, वाऱ्याच्या थरथरीत साधा नट सुटतोच. गंजलेला नट जोरानं आवळण्यापेक्षा नवा लावा. गंजाची पापडी सुटली की तो पुन्हा ढिला.

डिशसमोर हात किंवा डोकं आणू नका, एलएनबीच्या वर तर मुळीच नाही. माणूस आड आला की आकडा पडतो आणि आपण समजतो की डिश सरकली.

एलएनबीचा पीळ

उपग्रह दोन प्रकारे सिग्नल पाठवतो, एक उभा आणि एक आडवा. एलएनबी 13 व्होल्टवर उभा घेतो, 18 वर आडवा. आपल्या भागातून हा उपग्रह पूर्वेला बराच कललेला दिसतो, त्यामुळे एलएनबी सुमारे 46 अंश फिरवून बसवावा लागतो, डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेनं. वाऱ्यानं त्याची कॉलर ढिली झाली की तो फिरतो. ओळखायचं कसं? एका गटाची चॅनेलं छान आणि दुसऱ्या गटाची खराब. त्या घरी एका बाजूचा आकडा 13.0 आणि दुसऱ्या बाजूचा 11.4 आला. एलएनबी चार अंश फिरवला, दोन्हीकडे 12.8 वर स्थिरावलं. फिरवण्याआधी त्याच्या कॉलरवर मार्करनं रेघ मारा, म्हणजे चुकलं तर परत येता येईल.

आडवाच गट खराब असेल आणि एलएनबी फिरवून फरक पडत नसेल, तर पीळ नाही, केबल बघा. लांब किंवा जुन्या केबलमध्ये 18 व्होल्ट वाटेतच उतरतात आणि एलएनबीला दुसऱ्या बाजूवर जायचं कळत नाही.

कनेक्टरवर चिकट रबरी टेप गुंडाळा आणि केबल एलएनबीपासून आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून पडतं.

13 डीबीवरही मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं चित्र जाईल. 60 सेंटीमीटरच्या डिशची ती मर्यादा आहे. पठारावरचे काही जण म्हणतात, मोठी डिश लावा. तिला शिल्लक जास्त मिळते खरी, पण 90 सेंटीमीटरच्या डिशवर वाऱ्याचा दाब सव्वादोन पट आणि तिची नजर 2 अंशांचीच, म्हणजे कमी सरकून जास्त बिघडते. माझं मत विचाराल तर पठारावर 60 चीच ठेवा, नळी तोकडी करा आणि स्टँडला तिसरा टेकू द्या. कठड्याच्या आडोशाला डिश बसवता आली तर आणखी उत्तम. आकाशात एवढं वर बघायचंय की कठडा आड येत नाही.

शेवटी ताट सोडलं आणि नळीवरून पकडीवर जाईल अशी ऑइलपेंटची एक पातळ लाल रेघ ओढली, दुसरी उंचीच्या पट्टीवर आणि तिसरी एलएनबीच्या कॉलरवर. वहिनींना दाखवून ठेवलं : पुढच्या वाऱ्यानंतर सिग्नल पडला आणि यातली एखादी रेघ तुटलेली दिसली तर तिथे सरकलंय, रेघा जुळवून नट आवळा. तिन्ही रेघा अखंड असल्या तर स्टँडचा पाया हलवून बघा.